सर, सकाळचं आता जमणार नाही

माझ्या भाचीला हिंजवडीतल्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलं ते गुरुवारी, २७ नोव्हेंबरला. सोमवारी, १ डिसेंबरला रुजू व्हायचं होतं. घरात पेढे आले आणि तेवढ्यात तिला आठवलं, गाडीचा क्लास! कोथरूडमध्ये रोज सकाळी साडेसात ते आठ ती गाडी शिकत होती आणि कंपनीची बस चौकात पावणेआठला येणार होती.

तिचा पहिला विचार होता, सोमवारी सकाळी मेसेज टाकू, 'सर, उद्यापासून संध्याकाळी येते.' मी म्हटलं, थांब जरा. क्लासवाल्या सरांचा दिवस कसा जातो ते बघ. त्यांच्याकडे गाडी एकच. साडेसहाच्या मुलाला सोडतात तिथून जवळच सातच्या काकू, काकूंच्या पुढच्या गल्लीत ही. अशी साखळी लावलेली असते, म्हणून तर अर्ध्या तासाचे वर्ग एकामागोमाग बसतात. मधली एक कडी ऐनवेळी निघाली की सर कुणाच्या तरी इमारतीखाली हॉर्न वाजवत उभे राहतात. दुसरीकडे संध्याकाळी सात ते आठ ही वेळ नोकरदारांनी आधीच भरलेली असते. त्यामुळे सकाळची जागा सुटणार आणि संध्याकाळची मिळेलच असं नाही. हे गुरुवारी रात्री कळलं तर सरांना काही जुळवाजुळव करता येते. सोमवारी कळलं तर आहे ती वेळ घ्या, एवढंच उत्तर येतं.

फोन करण्याआधी आम्ही कागद घेऊन बसलो. क्लास २१ दिवसांचा, रोज अर्धा तास, म्हणजे एकूण साडेदहा तास. केंद्रीय मोटार वाहन नियमांत खासगी गाडीसाठी प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान दहा तासांचं धरलं आहे, त्याच्याशी हा हिशेब जुळतो. शुक्रवार-शनिवार धरून तिचे नऊ वर्ग होणार होते. उरले बारा, म्हणजे सहा तास. कच्चं लायसन्स १८ ऑगस्टला निघालेलं, ते सहा महिने चालतं, म्हणजे १७ फेब्रुवारीपर्यंत. कच्चं लायसन्स निघाल्यावर तीस दिवसांनी पक्क्याची चाचणी देता येते, ती अट केव्हाच उलटून गेली होती. नापास झालं तर पुन्हा चाचणी द्यायला सात दिवस थांबावं लागतं. ही सगळी मोजणी केल्यावर तिची घाई ओसरली. डिसेंबरअखेर क्लास संपला तरी पुरे होता.

मग प्रश्न आला, सगळेच वर्ग संध्याकाळी न्यायचे का? माझं मत, नाही. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. आठ वाजता ठार अंधार आणि कर्वे रस्त्यावर गाडीला गाडी चिकटलेली. अर्ध्या तासातली दहा मिनिटं सिग्नलवर जातात, उरलेल्या वेळात पहिला आणि दुसरा गिअर. तिसऱ्यात गाडी जातच नाही. हाफ क्लचवर गाडी रांगवायला शिकायचं असेल तर याहून चांगली शाळा नाही. ब्रेक सोडला, क्लच जरासा उचलला, समोरची रिक्षा हलली तेवढंच पुढे गेलं, असं वीस वेळा झालं की पाय आपोआप शहाणा होतो. पण रिव्हर्स आणि पार्किंग अंधारात शिकणं म्हणजे पैसे वाया. नवशिक्याला आरशात नुसते दिवे दिसतात, पदपथाची कड दिसत नाही, गाडी तिरकी जातेय की सरळ हे कळत नाही. ते उजेडातच शिकावं.

हे ठरल्यावर तिने फोन केला. तो मी शेजारी बसून ऐकला.

"सर, नमस्कार. मला नोकरी लागली, सोमवारपासून जायचंय. सकाळी पावणेआठला बस आहे, त्यामुळे साडेसातचं आता जमणार नाही. उद्या आणि परवा येतेच. माझे बारा वर्ग राहतील. संध्याकाळी कुठली वेळ मोकळी आहे?"

"अरे वा, अभिनंदन मॅडम! पण सातचा, साडेसातचा फुल आहे हो. आठनंतर चालेल?"

"चालेल. पण रोज अर्धा तास नको सर, ट्रॅफिकमध्येच जाईल. मंगळवार-गुरुवार एकेक तास आणि रविवारी सकाळी एक तास, असं देता येईल का? रविवारी पार्किंग करू."

सर जरा थांबले. वही उलटल्याचा आवाज आला. "रविवारी सातला येता का? आठला माझी दुसरी बॅच आहे."

रविवारी सातला उठायचं ऐकून भाचीचं तोंड वाकडं झालं, पण हो म्हणाली. मग तिने दोन गोष्टी विचारून घेतल्या. गाडी हीच असेल ना, आणि एक तासाचे दोन वर्ग धरले जातील ना. गाडीचा प्रश्न फालतू वाटेल, पण तसा नाही. प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या उंचीवर पकडतो. नऊ दिवस एका गाडीवर बसलेला पाय दुसऱ्या गाडीत पहिल्या सिग्नललाच इंजिन बंद पाडतो. फोन ठेवल्यावर तिने तोच हिशेब दोन ओळींत मेसेज करून ठेवला: बारा बाकी, सहा वेळा एक तास, मंगळ-गुरू आठ वाजता, रविवारी सात वाजता. सरांचा अंगठा आला. पैसे आगाऊ भरलेले असतात तेव्हा 'तुमचे किती राहिले?' यावरून नंतर खटके उडतात, ते या दोन ओळींनी टळतात.

पहिल्या आठवड्यात मात्र तिने एकही वर्ग ठेवला नाही, आणि ते शहाणपणाचं होतं. ऑफिस साडेसहाला सुटतं असं कागदावर असलं तरी बस घरी किती वाजता टेकवते हे चार दिवस गेल्याशिवाय कळत नाही. तिला एकदा पावणेआठ झाले, एकदा सव्वाआठ. म्हणून सरांना सांगून आठचं साडेआठ करून घेतलं. मंगळवार, ९ डिसेंबरला सुरुवात झाली. नऊ दिवसांच्या खंडाने पहिली दहा मिनिटं गाडी सशासारखी उड्या मारत होती. नंतर सरांनी रात्रीचे धडे दिले: समोरून गाडी आली की डिपर खाली, मागच्याचा दिवा डोळ्यात आला की आतल्या आरशाचा खटका पाडायचा, आणि मागचा दिवा गेलेली दुचाकी रस्त्यावर असणारच असं धरून चालायचं. सकाळच्या क्लासमध्ये हे तिला कुणी शिकवलं नसतं. शेवटचा वर्ग रविवारी, २१ डिसेंबरला झाला.

राहिली चाचणी. क्लास संध्याकाळी सरकवता येतो, चाचणी सरकवता येत नाही. ती कामकाजाच्या दिवशी, दिवसाउजेडीच होते. तेव्हा तारीख मिळाली की त्याच दिवशी साहेबांकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून ठेवा.