गणपतीची रजा आणि मूळ नक्षत्र

जून संपत आला की मुंबईतल्या ऑफिसांमध्ये कालनिर्णयाची पानं पुढची पुढची उलटली जातात. गावी गणपती असलेला माणूस सगळ्यात आधी तीन गोष्टी बघतो : चतुर्थी कधी, गौरी कधी जेवतात आणि विसर्जन कोणत्या वारी. रजेच्या अर्जाचा खरा मजकूर तिथेच ठरतो. 'सविनय विनंती की' वगैरे नंतरचं.

गेल्या वर्षीचा अर्ज काढून तारखा बदलायच्या, असं अनेक जण करतात आणि फसतात. कारण कोकणात बहुतेक घरी गणपती गौरींबरोबर जातो आणि गौरींचं गणित तिथीवर नाही, नक्षत्रावर चालतं. अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचं पूजन होतं आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. चंद्र त्या नक्षत्रांत केव्हा पोचतो, हे दरवर्षी सारखं नसतं. म्हणून गौरी-गणपती एखाद्या वर्षी पाच दिवसांत आटोपतात, तर एखाद्या वर्षी सहा किंवा सात दिवस राहतात. साहेब म्हणतात, 'गेल्या वर्षी तर कमी दिवस घेतले होतेस!' त्यांचं चूक नसतं. त्यांना मूळ नक्षत्र माहीत नसतं.

२०२५ चं उदाहरण घेऊ. चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी. गौरी आल्या रविवारी ३१ ला, जेवल्या सोमवारी १ सप्टेंबरला आणि गेल्या मंगळवारी २ तारखेला. म्हणजे गणपती सात दिवसांचा. आता कुडाळजवळ घर असलेला, अंधेरीच्या एका कंपनीत अकाउंट्सला बसणारा माणूस धरा. शनिवार-रविवार सुट्टी. सोमवारी २५ ऑगस्टला काम उरकून त्याने रात्रीची कोकणकन्या पकडली तर मंगळवारी तो घरी. हा दिवस मोकळा मिळतो असं ऑफिसला वाटतं, पण माटवी बांधायची, कवंडळं-हरणं आणायची, गणपती चित्रशाळेतून घरी न्यायचा, हे सगळं त्याच दिवशीचं. पुढच्या मंगळवारी संध्याकाळी विसर्जन. बुधवारी ३ तारखेला परतीचा प्रवास आणि गुरुवारी ४ ला कामावर रुजू.

मोजले तर हे नऊ दिवस. त्यातून चतुर्थीची सुट्टी आणि शनिवार-रविवार वजा केले की रजा उरते सहा दिवसांची : २६, २८, २९ ऑगस्ट आणि १, २, ३ सप्टेंबर. पण काही कंपन्यांत 'सँडविच' नियम असतो. दोन रजांच्या मध्ये आलेली साप्ताहिक सुट्टीसुद्धा रजेतच धरतात. तसं असेल तर सहाचे आठ होतात, आणि सणाची सुट्टीही त्यात ओढत असतील तर पुरे नऊ. हे अर्ज देण्याआधी एचआरला विचारून घ्यावं. नंतर पगाराच्या स्लिपवर कळलं तर भांडायला जागा राहत नाही.

रजा कोणत्या खात्यातून घ्यायची, हा पुढचा प्रश्न. महाराष्ट्राचा दुकानं आणि आस्थापनांबाबतचा २०१७ चा कायदा ज्या ऑफिसांना लागू आहे, तिथे वर्षाला ८ नैमित्तिक रजा, म्हणजे सीएल, मिळतात. पण त्या तिमाहीच्या हिशेबाने जमा होतात. ऑगस्टमध्ये आठच्या आठ हातात नसतात. शिवाय गणपतीत सगळ्या उडवल्या, तर दिवाळीनंतर मूल आजारी पडल्यावर हात चोळत बसावं लागतं. आठवडाभराच्या सणाला खरी कामाची ती पीएल. वर्षात २४० दिवस काम भरलं की दर २० दिवसांना एक दिवस, या दराने ती मिळते आणि ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. याच कायद्यात रजेच्या १५ दिवस आधी अर्ज करण्याचा उल्लेख आहे. तसा अर्ज करूनही मालकाने हक्काची रजा नाकारली, तर ४५ दिवसांच्या वर गेलेल्या रजेचे पैसे मागता येतात. पैसे मिळाले म्हणून गणपती चुकायचा तो चुकतोच, पण तारखेसह दिलेला लेखी अर्ज हाती असणं किती कामाचं, हे यातून दिसतं.

पंधरा दिवस ही कायद्यातली मुदत झाली. रेल्वेची मुदत त्याहून कडक. नोव्हेंबर २०२४ पासून गाडीचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी ते १२० दिवस होतं. वरच्या उदाहरणात २५ ऑगस्टचं तिकीट २६ जूनला सकाळी उघडलं आणि ३ सप्टेंबरच्या परतीचं ५ जुलैला. ही तिकिटं काही मिनिटांत वेटिंगवर जातात. तेव्हा रजा मंजूर झाल्यावर तिकीट काढू म्हणणाऱ्याच्या नशिबी एसटीची जादा गाडी किंवा मुंबई-गोवा महामार्गावरची रात्र. शहाणी माणसं जूनच्या तिसऱ्या आठवड्यातच अर्ज देतात.

आता अर्ज. त्यात सणाचं माहात्म्य नको. कारण एका वाक्यात, तारखा वारासकट आणि मागे काम कोण बघणार ते. आपल्या कुडाळकराने असा लिहिला असता :

'विषय : दि. २६ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर २०२५ या काळात अर्जित रजा मिळणेबाबत.

महोदय, माझ्या मूळ घरी गौरी-गणपतीचा सण असून यंदा पूजेची पाळी आमच्या कुटुंबाकडे आहे. विसर्जन दि. २ सप्टेंबर रोजी आहे. सुट्ट्या वगळून सहा दिवसांची रजा मंजूर व्हावी. ऑगस्टच्या पगाराची शीट मी २५ तारखेपर्यंत तपासून देईन. बँकेत अपलोड करण्याचे काम माझ्या अनुपस्थितीत सहायक पाहतील. त्यांच्याशी बोलणे झाले आहे. ७ सप्टेंबरपूर्वी भरायच्या टीडीएसचे काम मी ४ तारखेला रुजू झाल्यावर करीन.'

साहेबांची सही मिळते ती शेवटच्या तीन वाक्यांवर. रजा नेमकी महिनाअखेरीला पडते आहे, हे अर्ज देणाऱ्याला आधीच दिसलेलं असतं आणि त्याने वाटही काढलेली असते. विसर्जनाची तारीखही मुद्दाम घातली आहे, कारण परप्रांतातून आलेल्या साहेबाला गणपती म्हटलं की लालबाग आणि अनंत चतुर्दशी आठवते. मूळ घरच्या एकाच गणपतीला भावकी पाळीपाळीने बसते आणि पाळी असलेल्याला मधूनच निघता येत नाही, हे त्याला सांगितल्याशिवाय कळणार कसं?

एवढं करूनही अर्ज अडतो तो बहुधा शेजारच्या टेबलापाशी. एकाच खात्यात दोन मालवणी आणि एक रत्नागिरीकर असले की तिघांचे अर्ज एकाच तारखांचे. यावर जुन्या ऑफिसांमधला तोडगा चांगला आहे : यंदा तू गणपतीला, मी शिमग्याला, पुढच्या वर्षी उलट. हा करार अर्जाआधी व्हावा, साहेबांच्या केबिनमध्ये नव्हे. आणि साहेब 'बघू' म्हणाले तर ती मंजुरी समजू नये. ईमेलवर किंवा ऑफिसच्या पोर्टलवर 'मंजूर' दिसेपर्यंत आठवड्याने एकदा आठवण करावी. ऐन वेळी आईला बरं नाही म्हणून पळण्याचा जुना मार्ग आता बंद झाला आहे. आरतीत झांज वाजवतानाचा फोटो पुतण्या स्टेटसला टाकतो आणि तो साहेबांच्या आधी पूर्ण ऑफिसने बघितलेला असतो.

भावकीत सुतक आलं, तर पूजा पुढे जाऊ शकते किंवा घरच्या रीतीप्रमाणे दुसऱ्याकडून करून घेतली जाते. तसं झालं तर लगेच कळवून तारखा बदलून घ्याव्यात आणि न वापरलेली रजा खात्यात परत जमा झाली का, ते सप्टेंबरअखेर तपासावं.