तीन टेक, एक गाणे

ध्वनिमुद्रित गाणे गायकाने एका दमात गायलेले असेलच असे नाही. पुष्कळदा तेच गाणे तीन-चार वेळा गाऊन घेतात. अशा प्रत्येक वेळेला ‘टेक’ म्हणतात. त्यांतले चांगले तुकडे निवडून एक सलग गाणे तयार करण्याला स्टुडिओत ‘कॉम्पिंग’ असे नाव आहे. निवड कानाने होते. पण सांधा न कळता जोडणे हे थेट आपल्या तरंगांच्या धड्यातले काम आहे.

समजा, एका विद्यार्थिनीने पांढरी सहा पट्टीत एक गीत तीनदा गायले. पेटी-तबला आधी मुद्रित करून तो ती हेडफोनमधून ऐकत होती, त्यामुळे तिन्ही टेकमध्ये प्रत्येक शब्द जवळजवळ त्याच क्षणी येतो. मायक्रोफोनपासूनचे अंतरही तिने बदललेले नाही. अंतरा तिसऱ्या टेकमध्ये उत्तम झाला आहे, पण शेवटच्या शब्दाला दम कमी पडला. तो शब्द पहिल्या टेकमध्ये चांगला आहे. तो तेथून उचलायचा आहे.

नुसते कापून चिकटवले तर सांध्यावर ‘टक्’ असा आवाज येतो. पहिला तुकडा संपतो तेथे तरंग उंचवट्यावर असतो आणि दुसरा सुरू होतो तेथे कदाचित खळग्यात. ही एकदम मारलेली उडी कानाला टिचकीसारखी ऐकू येते. म्हणून पहिला तुकडा हळूहळू मंद करत त्याच वेळी दुसरा चढवत नेतात. हाच क्रॉसफेड. ध्वनिफितीच्या काळात तो ब्लेडने साधत. सुमारे ६ मिलिमीटर रुंदीची फीत ४५ अंशांत तिरपी कापली की तिरका काप लांबीच्या दिशेनेही तेवढाच पसरतो. सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने ही फीत धावली की एक तुकडा सुमारे १६ मिलिसेकंदांत विरतो आणि दुसरा उमटतो. आज संगणकावर हीच लांबी आपण हवी तशी ठरवतो.

सांधा कोठे घ्यायचा? शक्यतो ‘प’, ‘त’, ‘क’ अशा व्यंजनाच्या आधी. ही व्यंजने उच्चारताना ओठ किंवा जीभ हवा पूर्ण अडवते आणि क्षणभर शांतता असते. तेथे जोडलेले कोणाला कळत नाही. ओळीच्या सुरुवातीला जोडायचे तर सांधा श्वासाच्या आधी घ्यावा, म्हणजे श्वास ज्या ओळीचा त्याच ओळीबरोबर येईल. दोन श्वास लागोपाठ ऐकू आले तर जोड उघडी पडलीच.

अडचण येते ती लांबवलेल्या ‘आ’मध्ये. आपल्या उदाहरणात शेवटचा शब्द अशाच ‘आ’तून निघतो. मागे शांत जागा नाही. पांढरी सहाचा षड्ज २२० हर्ट्झ धरला तर एक आवर्तन साडेचार मिलिसेकंदांचे होते. दोन टेकचे तरंग अर्ध्या आवर्तनाने, म्हणजे सव्वादोन मिलिसेकंदांनी, मागेपुढे असतील तर एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर येतो. क्रॉसफेडच्या मध्यावर ते एकमेकांना खोडतात आणि सूर क्षणभर खचतो. उपाय सोपा आहे: पडद्यावर तरंग मोठा करून दुसरा तुकडा उंचवट्याला उंचवटा भिडेपर्यंत सरकवावा. इतक्या सूक्ष्म सरकण्याने ताल बिघडत नाही. मग दहा मिलिसेकंदांचा, दोन आवर्तनांचा, क्रॉसफेड पुरतो.

उतरणीचा आकारही महत्त्वाचा. मध्यावर दोन्ही तुकडे निम्मे-निम्मे ठेवले तर जुळवलेल्या तरंगांची बेरीज बरोबर एक होते. पण ‘स’सारख्या फुसफुसत्या आवाजात उंचवटे जुळवताच येत नाहीत. तेथे आयामांची नव्हे, ऊर्जेची बेरीज होते आणि निम्मे-निम्मे ठेवल्यास ती अर्धीच भरते, म्हणजे ३ डेसिबेलची घट. तेथे प्रत्येकी ०.७ ठेवावे लागते. हाच आकार ‘आ’वर वापरला तर बेरीज १.४ होऊन सूर फुगतो.

मात्र एक टेक २२० आणि दुसरा २२३ हर्ट्झवर असेल तर ही सगळी खटपट व्यर्थ. फरक जवळजवळ एका श्रुतीएवढा आहे. टिचकी जाईल, सुरातली पायरी राहील. क्रॉसफेड लांबवला तर त्या वेळात तरंग पुन्हा निसटतात आणि दोघी गात असल्याचा भास होतो. अशा वेळी आम्ही सांधा मागे, आधीच्या व्यंजनापर्यंत नेऊ आणि पूर्ण ‘आ’ एकाच टेकचा घेऊ.

तपासताना साथ बंद करून नुसता आवाज ऐकावा. तबल्याच्या ठोक्याखाली पुष्कळ काही झाकले जाते. घुमणाऱ्या वर्गखोलीत मुद्रण केले असेल तर आणखी एक खूण दिसते: आधीच्या शब्दाचा घुमार सांध्यावर अचानक तुटतो. त्यासाठी पडदे, गाद्या लावलेल्या खोलीत गाऊन घ्यावे आणि घुमार हवाच असेल तर तो जोडकाम झाल्यावर सगळ्या गाण्याला एकदम द्यावा.