कमोडवर बसताना पायाखाली स्टूल

बोईसरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर आमच्या आबांचं पोट साफ होईना. पालघरच्या गावी जन्मभर उकिडवे बसलेले. गुडघ्यांमुळे इथे कमोड. पाय जेमतेम टेकायचे, मग श्वास कोंडून जोर.

गुदाशयाभोवती स्नायूचा एक पट्टा असतो. तो मार्ग पुढे ओढून वाकवून ठेवतो, म्हणून एरवी आपल्याला धरवतं. उकिडवं बसलं की तो सैल पडून वाट बरीच सरळ होते. कमोडवर काटकोनात बसलं तर वाक बराचसा तसाच राहतो.

आंघोळीचा सात-आठ इंची बुटका स्टूल पायाखाली घेतला. गुडघे कमरेच्या वर, कोपरं मांड्यांवर, अंग पुढे झुकलेलं. नाकाने श्वास घेताना पोट फुगू द्यायचं, मग तोंडाने हळू फुंकर. श्वास कोंडून जोर केला की खालचा स्नायू उलट आवळू शकतो. दहा मिनिटांत नाही झालं तर उठायचं. (मोबाईल बाहेर!)

ओल्या फरशीवर स्टूल सरकतो, रबरी बुडाचाच घ्या. गुडघे दुखले तर उंची कमी करा. मळ खड्यासारखा असेल तर आधी पाणी, भाजी. रक्त, घटतं वजन किंवा सवयीत अचानक बदल दिसला तर थेट डॉक्टर.