फवारणीच्या बाधेचा अहवाल

पऱ्हाटी छातीच्या वर गेली की फवारा उलटून तोंडावर येतो. त्यात पंपाचे झाकण गळत असेल तर पाठीवर सदरा भिजतो आणि गड्याला तो घामच वाटतो. यवतमाळ जिल्ह्यात मी देखरेख करतो त्या शेतावर एका गड्याला बाधा झाली ती अशीच.

अहवालातली पहिली नोंद औषधाची असते. दुकानातल्या नावावर मी थांबत नाही, डब्यावर बारीक अक्षरात छापलेले मूळ नाव उतरवतो. इथे ते होते प्रोफेनोफॉस ४० टक्के आणि सायपरमेथ्रिन ४ टक्के, १५ लिटरच्या पंपाला ३० मिली. हे नाव डॉक्टरांना लागतेच. प्रोफेनोफॉसवर अॅट्रोपिन हा उतारा आहे. डायफेन्थिउरॉनसारख्या औषधावर ठरावीक उताराच नाही, तिथे लक्षणे पाहूनच उपचार करावे लागतात. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात या जिल्ह्यात माणसे दगावली, तेव्हापासून रिकामा डबाही रुग्णासोबत जावा असा माझा आग्रह असतो.

मग लक्षणे, वेळेसकट. अकराच्या सुमारास तोंडाची आग सुरू झाली. ही बहुधा सायपरमेथ्रिनची, आणि ती एकटीच असती तर एवढी भीती नव्हती. बाराला तो धुऱ्यावर बसला. ‘भाऊ, मळमळतंय, नीट दिसत नाही,’ म्हणाला. तोंडाला लाळ, दंडाचे स्नायू फडफडत होते. सावलीत माणसाची बाहुली मोठी व्हायला हवी, त्याची टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. ही सगळी लक्षणे एकत्र उन्हाच्या झळेत दिसत नाहीत. ‘चक्कर आली’ एवढेच लिहिले असते तर दवाखान्यात सलाईन लावून घरी पाठवण्याचा धोका होता.

कपडे काढले, हातमोजे घालून साबणपाण्याने अंग, केस आणि नखांखालची जागा धुतली. कोणी दूध पाजायला आले, कोणी ओकारी काढा म्हणाले. दोन्ही थांबवले. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या घशातले फुफ्फुसात उतरू शकते. ग्लानी येत होती म्हणून कुशीवर निजवून जीपने उपजिल्हा रुग्णालयात नेले. तिथे आधी रक्ताचा नमुना घेतला, मग अॅट्रोपिन सुरू झाले. छातीतली घरघर थांबेपर्यंत आणि नाडी वर येईपर्यंत ते पुन्हा पुन्हा दिले. सोबत प्रालिडॉक्सिमही चालू केले.

संध्याकाळी तो बोलू लागला आणि घरचे सुट्टी मागू लागले. मी त्यांना थांबवले. या गटातल्या विषात एक ते चार दिवसांत मानेचे स्नायू सैल पडून श्वास अडकू शकतो. म्हणून ‘उशीवरून डोके उचलता येते का’ ही नोंद अहवालात रोज केली. चौथ्या दिवशीही त्याने ते सहज उचलले, पाचव्या दिवशी सुट्टी मिळाली. शेवटच्या ओळीत लिहिले: रक्तातले कोलिनएस्टरेज पूर्ववत झाल्याचे डॉक्टर सांगेपर्यंत फवारणीचे काम देऊ नये, वेचणी, निंदण चालेल. गळका पंप त्याच दिवशी बाजूला काढला.