पहिल्या भेटीला ‘सैराट’ नको!

बारामती-इंदापूरकडच्या कुणाला प्रेमाचा सिनेमा विचारा, आधी ‘सैराट’च (2016) येणार. साहजिकच आहे, उजनीच्या पलीकडे करमाळ्यातच तर शूटिंग झालं. सिनेमा जबरदस्त, पण पहिल्या भेटीला घेऊ नका. पूर्वार्ध हसतखेळत जातो, शेवट मात्र असा की बाहेर पडल्यावर चहावरही शब्द फुटत नाही. शिवाय लांबी जवळपास तीन तास.

माझी पसंती ‘मुंबई-पुणे-मुंबई’ला (2010). अनोळखी दोघं दिवसभर पुण्यात फिरतात आणि मुंबई भारी की पुणे यावर भांडतात, एवढंच. नजर चुकवावी असे प्रसंग नाहीत. रोमान्स नको असणाऱ्यालाही स्वप्नील जोशी-मुक्ता बर्वेची जुगलबंदी पुरते, आणि नंतर बोलायला विषय तयार.

थिएटरला नवा सिनेमा बघणार असाल तर आधी प्रमाणपत्र बघा. 2024च्या शेवटापासून ‘यूए’चे 7+, 13+ आणि 16+ असे भाग झालेत. 16+ दिसलं तर आधी पाहिलेल्या मित्राला विचारा: ‘शेजारी काकू असत्या तर चाललं असतं का?’ आपल्याकडे बहुतेक वेळा असतातच. शेवट कसा आहे, तेही विचारा. प्रमाणपत्रावरून ते कळत नाही.