अडखळ नेमकी कुठे होते?

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याची चाचणी ११ ते १४ मिनिटांची असते. तिच्या दुसऱ्या भागात परीक्षार्थीला एक कार्ड मिळते, तयारीला १ मिनिट मिळते आणि मग त्या विषयावर १ ते २ मिनिटे एकट्याने बोलावे लागते. गुण चार निकषांवर दिले जातात: ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. घरी सराव करणाऱ्याला यांतल्या ओघाची आणि व्याकरणाची तपासणी स्वतःच करता येते. त्यासाठी उत्तर फोनवर ध्वनिमुद्रित करायचे आणि ते शब्दन्‌शब्द कागदावर उतरवायचे.

नुसते ऐकून हे काम भागत नाही, कारण कान अर्थ उचलतो आणि बाकीचे गाळतो. आपलाच आवाज असला तर जे म्हणायचे होते तेच ऐकू येते. भाषाशास्त्रज्ञ रिचर्ड श्मिट ब्राझीलमध्ये पोर्तुगीज शिकत असताना रोजनिशी लिहीत आणि अधूनमधून आपली संभाषणे ध्वनिमुद्रित करीत. सिल्व्हिया फ्रोटा यांच्यासह त्यांनी या दोन्ही नोंदी ताडून पाहिल्या आणि निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध केले. भाषेची जी रूपे ऐकताना लक्षात आल्याची नोंद रोजनिशीत होती, तीच बहुतेक करून त्यांच्या बोलण्यात उतरली होती. चूक सुधारण्याआधी ती दिसावी लागते. ती दिसण्याची सोय कागद करून देतो.

ध्वनिमुद्रण पहिल्याच प्रयत्नाचे हवे. उत्तर आधी लिहून काढले किंवा दोनदा म्हणून पाहिले, तर पाठांतर तपासले जाते. मुद्रण मध्येच थांबवायचेही नाही. उतरवताना एक ओळ सोडून लिहावे, म्हणजे वरच्या रिकाम्या ओळीत खुणा करता येतात. एकदा पूर्ण ऐकावे, मग पाच-सहा सेकंदांचे तुकडे करून लिहावे आणि शेवटी फक्त 'अं', पुनरुक्ती आणि थांबे पकडण्यासाठी पुन्हा ऐकावे. थांबा लहान असेल तर कंसात टिंब, मोठा असेल तर कंसात सेकंदांचा आकडा, एवढ्या खुणा पुरतात. दोन मिनिटांच्या उत्तराला अर्धा तास सहज लागतो. फोनच्या आवाजी टंकनावर हे काम सोपवू नये. ते बरेचदा 'अं' गाळते आणि वाक्य नीट करून टाकते, म्हणजे जे शोधायचे तेच पुसले जाते.

समजा, आवडत्या शिक्षकांविषयी बोलणाऱ्या एका मराठी मुलीच्या उत्तराचा आरंभ कागदावर असा उतरला:

'आय वुड लाइक टु, अं, टॉक अबाउट माय मॅथ्स टीचर. ॲक्चुअली ही, ही टीच मी इन (२) इन टेन्थ स्टँडर्ड. ही वॉज हॅविंग, अं, व्हेरी गुड नॉलेज, यू नो. ॲक्चुअली वन डे आय गो टु हिज हाउस अँड ही एक्सप्लेन मी होल चॅप्टर. आय नो हिम सिन्स टेन इयर्स.'

यात दोन 'अं', दोन 'ॲक्चुअली' आणि एक 'यू नो', म्हणजे पाच भरीचे शब्द आहेत. पण आकड्यापेक्षा जागा महत्त्वाची. दोन्ही 'ॲक्चुअली' नवे वाक्य सुरू होताना आले आहेत. तिथे पुढे काय सांगायचे याची जुळवाजुळव चालली आहे. वाक्यांच्या सीमेवर क्षणभर थांबणे हे मातृभाषेत बोलणारेही करतात, आणि तिथे 'ॲक्चुअली'ऐवजी नुसते गप्प राहिले तरी चालते. वाक्याच्या पोटातली अडखळ वेगळी. 'ही, ही टीच' इथे कर्ता दोनदा आला, कारण क्रियापद ठरत नव्हते, आणि घाईत 'टॉट'ऐवजी 'टीच' आले. अडखळ आणि व्याकरणाची चूक इथे शेजारी-शेजारी सापडतात. अशा ठिकाणी 'अं म्हणू नको' हा सल्ला निरुपयोगी ठरतो. सराव क्रियापदाचा हवा.

आता चुका गटांत लावायच्या. भूतकाळ तीनदा निसटला: टीच, गो, एक्सप्लेन. 'द' दोनदा राहिला, टेन्थच्या आधी आणि होलच्या आधी; मराठीत असे उपपदच नाही. 'वॉज हॅविंग'च्या जागी 'हॅड' हवे होते. 'एक्सप्लेन मी' हे 'मला समजावले' याचे सरळ इंग्रजी आहे. तिथे 'टु मी' लागते. शेवटचे वाक्य तर पूर्ण मराठी साच्यातले आहे. 'मी त्यांना दहा वर्षांपासून ओळखते' यात क्रियापद वर्तमानकाळी असते, आणि '२०१५ पासून' व 'दहा वर्षांपासून' या दोन्हींना एकच 'पासून' पुरते. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगताना 'सिन्स' आणि कालावधी सांगताना 'फॉर' येते, म्हणून वाक्य 'आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स' असे होते.

यातली कोणती चूक घाईची आणि कोणती अज्ञानाची, हा फरक पुढे उपयोगी पडतो. एस. पिट कॉर्डर यांनी तो १९६७ मध्ये मांडला होता. घरी तो ओळखण्याची युक्ती सोपी आहे. कागद एक दिवस बाजूला ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या रंगाच्या पेनाने दुरुस्त करायचा. वरच्या उताऱ्यात त्या मुलीने 'गो' खोडून 'वेन्ट' केले, पण 'सिन्स टेन इयर्स'ला हात लावला नाही, तर दोन वेगळे निष्कर्ष निघतात. भूतकाळाचा नियम तिला येतो; तो वेगात वापरण्याचा सराव कमी आहे, म्हणून तिने काल घडलेली एखादी गोष्ट रोज एक मिनिट सांगावी. 'सिन्स'चा नियम तिला माहीतच नाही. तो आधी शिकावा लागेल. जे माहीत नाही ते स्वतःच्या कागदावरही दिसत नाही, ही या रीतीची मोठी मर्यादा. म्हणून आपण दुरुस्त केलेला कागद जाणकाराला एकदा दाखवावा लागतो.

एका उत्तरावरून सवय ठरवता येत नाही. वेगवेगळ्या विषयांची तीन-चार उत्तरे उतरवून जी चूक बहुतेकांत दिसते तिलाच सवय म्हणावे आणि एका वेळी एकच चूक हाती घ्यावी. तुलनेसाठी मोजणी दर १०० शब्दांमागे करावी, कारण उत्तरांची लांबी बदलत असते. वरच्या उताऱ्यात भरीचे शब्द धरून ४८ शब्द आहेत आणि त्यांत भरीचे प्रसंग पाच, म्हणजे १०० मागे सुमारे १०. तीच गोष्ट पुन्हा सांगितली की हा आकडा आपोआप उतरतो. त्यात विषय ओळखीचा झाल्याचा भाग असतो. त्यामुळे फरक पडला की नाही हे न पाहिलेल्या कार्डावरच तपासावे. तिथेही क्रियापदाआधीची अडखळ कमी झाली आणि भूतकाळ टिकला, तर ती सवय सुटू लागली असे म्हणता येते. उच्चार आणि सूर मात्र लिखित उताऱ्यात उतरत नाहीत; ते तपासण्यासाठी मूळ ध्वनिमुद्रण जपून ठेवावे लागते.