खोल ट्रान्स्फर बीममधून भार कसा वाहतो

इमारतीच्या तळमजल्यावर गाड्यांसाठी किंवा मोठ्या दालनासाठी मोकळी जागा हवी असते, तेव्हा वरच्या मजल्यांचे काही खांब थेट पायापर्यंत नेता येत नाहीत. असा खांब मधेच एका आडव्या तुळईवर थांबतो आणि ती तुळई त्याचा भार बाजूच्या खांबांकडे वळवते. हीच ट्रान्स्फर बीम. भार मोठा असल्याने तिची उंचीही मोठी ठेवावी लागते. अमेरिकेच्या एसीआय ३१८ या संहितेनुसार, आधारांमधले मोकळे अंतर तुळईच्या उंचीच्या चौपटीपेक्षा जास्त नसेल, तर ती खोल तुळई ठरते.

नेहमीच्या तुळईचे गणित एका गृहीतावर उभे असते: तुळई वाकली तरी तिचा सरळ छेद सरळच राहतो. भार जिथे एकवटतो आणि आधार जिथे असतो, त्या जागांच्या आसपास साधारण तुळईच्या उंचीइतक्या अंतरात हे गृहीत टिकत नाही. खोल तुळईत असे टापू एकमेकांना भिडतात आणि नेहमीचे गणित लावायला जागाच उरत नाही. भार तिरक्या वाटेने थेट आधाराकडे जातो. ही वाट कैचीच्या रूपात मांडणे म्हणजे स्ट्रट-अँड-टाय पद्धत. दाब सोसणारे काँक्रीटचे पट्टे म्हणजे स्ट्रट, ताण सोसणाऱ्या सळया म्हणजे टाय आणि ते जिथे मिळतात ते नोड. काँक्रीटमधल्या कैचीची कल्पना रिटर यांनी १८९९ मध्ये मांडली होती. श्लाइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये तिला सर्वसाधारण पद्धतीचे रूप दिले.

एक उदाहरण घेऊ. दोन खांबांच्या मध्यांमधले अंतर ६ मीटर, तुळई २.४ मीटर उंच आणि ६०० मिमी रुंद. सगळे खांब तुळईच्या लांबीच्या दिशेने ८०० मिमी. बरोबर मध्यावर उभ्या खांबाचा भार, तुळईचे वजन आणि भारवाढीचे गुणक धरून, ४०० टन. प्रत्येक आधारावर २०० टन येतात. वरच्या खांबाचा अर्धा-अर्धा भार त्याच्या मध्यापासून २०० मिमीवर धरला, तर प्रत्येक स्ट्रटचे आडवे अंतर २.८ मीटर होते. वरच्या आणि खालच्या नोडांमधले उभे अंतर २.१ मीटर. स्ट्रटची लांबी ३.५ मीटर आणि कोन सुमारे ३७ अंश येतो. हा कोन २५ अंशांपेक्षा कमी चालत नाही. त्रिकोणाच्या प्रमाणावरून स्ट्रटमध्ये ३३३ टन दाब आणि टायमध्ये २६७ टन ताण निघतो.

टायसाठी ५०० दर्जाच्या ३२ मिमी जाडीच्या नऊ सळया पुरतात. नेहमीच्या तुळईत ताण मध्यावर जास्त आणि आधाराकडे कमी होतो, म्हणून काही सळया आधीच थांबवता येतात. इथे तसे करता येत नाही, कारण टायमधला ताण एका नोडपासून दुसऱ्या नोडपर्यंत सारखाच असतो. म्हणून सर्व सळया आधारापर्यंत नेऊन तिथे हूक किंवा जाड डोक्याने पक्क्या बसवाव्या लागतात. हे टोक सुटले तर मधले पोलाद कितीही असो, कैची उघडते.

स्ट्रटची मदार जाळीवर असते. दाब मधे फुगून पसरतो आणि काँक्रीटला लांबीच्या दिशेने फाडू पाहतो. दोन्ही बाजूंना १२ मिमीच्या सळया १५० मिमी अंतराने उभ्या-आडव्या घातल्या, तर ३० दर्जाच्या काँक्रीटमध्ये स्ट्रटला सुमारे ३९० मिमी रुंदी लागते. वरच्या नोडपाशी ४८० मिमी मिळते, म्हणजे काम भागते. जाळी वगळली तर संहिता स्ट्रटची ताकद जवळपास निम्मी धरते. मग सुमारे ७२५ मिमी रुंदी लागते आणि तीच तुळई नापास होते.

पद्धतीला मर्यादाही आहेत. बलांचा समतोल साधला आणि कोणताही भाग ताकदीपलीकडे गेला नाही, तर उत्तर सुरक्षित बाजूला राहते; पण तुळई किती वाकेल आणि भेगा किती रुंद होतील, हे त्यातून कळत नाही. कैची भाराच्या स्वाभाविक वाटेपासून फार दूर आखली, तर रोजच्या वापरातच भेगा दिसू लागतात. आधारापासून वरच्या खांबाकडे गेलेली, रुंदावत जाणारी तिरकी भेग किंवा नोडपाशी ठिसूळ होऊन सुटणारे काँक्रीट ही धोक्याची लक्षणे. वाहिनीसाठी नंतर पाडलेले भोक स्ट्रटच्या वाटेत आले, तर मूळ गणितच रद्द होते. म्हणून अशा तुळईत भोक पाडण्याआधी संरचना अभियंत्याकडून कैची नव्याने तपासून घ्यावी.